कोर्टाचं समन्स आलं: कामावरच्या साहेबांना कधी, काय आणि किती सांगायचं

रस्त्यावर अपघात झाला तेव्हा तुम्ही तिथं होता, किंवा पोलिसांनी बोलावलं म्हणून पंचनाम्यावर पंच म्हणून सही केली. वर्ष-दोन वर्षं जातात, तुम्ही विसरूनही जाता, आणि एका संध्याकाळी पोलीस शिपाई समन्स घेऊन घरी येतो. तारीख कामाच्या दिवशीच असते. इथं आपण फक्त याच प्रसंगाचा विचार करू: फौजदारी खटल्यात साक्षीदार म्हणून समन्स, आणि गोव्यातल्या खाजगी कंपनीतली नोकरी, त्यातही पाळीची. नव्यानं नोकरीला लागलेल्यांचा गोंधळ इथंच जास्त होतो.

आधी कागद वाचा

गोव्यातली समन्सं बहुधा इंग्रजीत असतात. समजत नसेल तर सही करतानाच शिपायाला विचारा. कोर्ट कुठलं, तारीख कोणती, एवढं तो सांगेल. मग घरात बसून पाच गोष्टी शोधा. कोर्टाचं नाव आणि गाव. खटल्याचा क्रमांक. तुम्हाला कोण म्हणून बोलावलंय, साक्षीदार की आरोपी. तारीख आणि वेळ. आणि शेवटी कोर्टाचा शिक्का व सही. सोबत एखादा कागद किंवा वस्तू आणायला सांगितली असेल तर तेही त्यातच लिहिलेलं असतं.

कोर्टाच्या नावात 'ए', 'बी', 'सी' असं अक्षर असलं तर ते सोडू नका. म्हापसा, मडगाव, पणजी अशा ठिकाणी जेएमएफसी, म्हणजे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची, एकाहून जास्त कोर्टं आहेत आणि ती या अक्षरांनीच ओळखली जातात. अर्जात नुसतं 'म्हापसा कोर्ट' लिहिलं तर एचआरला पडताळणी करता येत नाही, आणि त्या दिवशी तुम्ही स्वतःच चुकीच्या दारासमोर बसून राहता.

सगळे सरकारी कागद समन्स नसतात. पोलीस ठाण्याच्या शिक्क्याचा आणि तपास अधिकाऱ्याच्या सहीचा कागद असेल तर ती बहुधा जबाबासाठी बोलावण्याची नोटीस असते (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९). तिथं अधिकाऱ्याला फोन करून सुट्टीच्या दिवसाची किंवा पाळी संपल्यानंतरची वेळ मागता येते. वारसांच्या वाटणीच्या इन्व्हेंटरीची नोटीस किंवा दिवाणी दाव्याचं समन्स असेल तर प्रत्येक तारखेला तुम्ही स्वतः जायची गरज असतेच असं नाही, बऱ्याच वेळा वकील जातो. म्हणून आधी वकिलाला विचारा, मगच रजा मागा. मामलेदाराकडची मुंडकाराची तारीख असेल तेव्हाही हेच. साक्षीदाराचं समन्स मात्र तुमच्या नावाचं असतं. तुमच्या जागी वकील साक्ष देऊ शकत नाही.

१ जुलै २०२४ पासून ही नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गानंही पाठवता येतं. त्यामुळे मोबाईलवर आलेलं समन्स खोटंच असेल असं आता म्हणता येत नाही, पण खरंच असेल असंही नाही. services.ecourts.gov.in या संकेतस्थळावर जिल्हा आणि कोर्ट निवडून खटल्याचा क्रमांक घाला. खटला तिथं दिसला आणि पुढची तारीख जुळली, तर त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, अर्जाला जोडायला उपयोगी पडतो. तारीख जुळली नाही तर समन्सवर नाव असलेल्या पोलीस ठाण्यात किंवा थेट कोर्टाच्या कार्यालयात जाऊन विचारा. समन्ससोबत कुणी फोनवर पैसे मागत असेल तर तो फसवणारा माणूस आहे.

त्याच दिवशी कळवा

समन्स हातात पडलं त्याच दिवशी वरिष्ठांना निरोप जायला हवा, रात्रीचे नऊ वाजले असले तरी. 'अजून दोन आठवडे आहेत, सोमवारी बोलू' असं म्हणण्यात नुकसान आहे. तुमची रजा हवी त्या आठवड्याचं पाळीपत्रक मधल्या काळात लागतं, आणि एकदा ते लागलं की तुमच्यासाठी दुसऱ्या कुणाची तरी पाळी मोडावी लागते. साहेब नाराज होतात ते सहसा याच कारणासाठी. कोर्टाच्या नावावर कुणाचा राग नसतो.

निरोप दोन टप्प्यांत द्या. पहिला मोबाईलवर, चार ओळींचा, समन्सच्या फोटोसह. दुसरा लेखी अर्ज, लगेच पुढच्या कामाच्या दिवशी. फक्त तोंडी सांगून थांबू नका. सुपरवायझर 'बरं, बघू' म्हणतो, पुढच्या आठवड्यात त्याची स्वतःची पाळी बदलते, आणि नवीन सुपरवायझरला काहीच ठाऊक नसतं. हजेरीच्या नोंदीत मग तो दिवस विनापरवाना गैरहजेरी म्हणून चढतो.

किती सांगायचं

साहेबांना तीन गोष्टी कळायला हव्यात: तुम्ही कधी नसाल, त्याचा पुरावा काय, आणि तुमच्या जागी कोण. खटल्यात काय झालं, कुणी कुणाला मारलं, तुम्ही काय पाहिलं, यातलं काहीच त्यांना सांगायची गरज नाही. साक्ष व्हायची असताना तर त्याबद्दल कंपनीत बोलूच नये. आरोपीचा कुणी नातेवाईक तुमच्याच कँटीनमध्ये जेवत असू शकतो, गोवा लहान आहे.

पण एक वाक्य आवर्जून लिहा: 'मला साक्षीदार म्हणून बोलावलं आहे.' नुसतं 'कोर्टाचं काम आहे' असं लिहिलं की वाचणारा सगळ्यात वाईट अर्थ काढतो. घटस्फोट, कर्ज, मारामारी, काहीही. एका शब्दानं ती शंका मिटते.

फोटो पाठवताना किंवा झेरॉक्स देताना आरोपी-फिर्यादींची नावं आणि पत्ते कागदाच्या पट्टीनं झाका. कोर्टाचं नाव, खटल्याचा क्रमांक, तुमचं नाव, 'साक्षीदार' हा शब्द, तारीख, वेळ आणि शिक्का उघडा ठेवा. एचआरला एवढंच लागतं. समन्स पणजीच्या बाल न्यायालयाचं असेल किंवा लैंगिक गुन्ह्याच्या खटल्याचं असेल, तर ही काळजी ऐच्छिक राहत नाही. पीडितेची ओळख उघड करायला कायद्यानं मनाई आहे. नाव असलेला कागद ऑफिसच्या ग्रुपवर तर चुकूनही टाकू नका.

मूळ समन्स कुणालाही देऊ नका. एचआरनं मागितलं तर समोर दाखवा, झेरॉक्सवर 'मूळ पाहिलं' अशी त्यांची सही घ्या आणि मूळ परत आणा. तारखेला ते सोबत न्यायचं असतं.

रजा नेमकी कुठल्या तारखेची

आता एक उदाहरण पूर्ण पाहू, कारण घोळ इथं होतो. उदाहरण कल्पित आहे, पण तारखा २०२६ च्या दिनदर्शिकेप्रमाणे आहेत.

वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत पॅकिंग विभागात काम करणारा तरुण. घर डिचोलीला. दोन वर्षांपूर्वी चोरीच्या एका प्रकरणात तो पंच होता. शुक्रवारी, ४ सप्टेंबरला संध्याकाळी त्याला समन्स मिळतं: डिचोलीच्या जेएमएफसी कोर्टात शुक्रवार, १८ सप्टेंबरला सकाळी १० वाजता हजर राहा. त्या आठवड्यात त्याची रात्रपाळी आहे, रात्री ११ ते सकाळी ७. पाळीपत्रक शनिवारी, १२ तारखेला लागणार.

पहिली अडचण पंचांगाची. १४ सप्टेंबरला चतुर्थी. म्हणजे १८ तारीख पाच दिवसांच्या गणपतीच्या विसर्जनाची. अर्ध्या विभागानं त्या दिवसाची रजा आधीच मागितलेली. आता हा 'कोर्टाची तारीख आहे' म्हणाला तर साहेबांच्या मनात काय येईल ते सांगायला नको. म्हणून समन्सचा फोटो पहिल्याच निरोपासोबत जायला हवा, कुणी मागायच्या आधी. आणि चतुर्थीची रजा हवी असेल तर तिचा अर्ज वेगळा. दोन्ही एकाच कागदावर लिहिल्या तर एचआर त्या एकत्र मोजतो आणि एक कमी करायला सांगतो.

दुसरी अडचण जास्त मोठी, आणि ती दिसत नाही. कोर्टाची तारीख १८ आहे म्हणून तो १८ ची रजा मागतो. रजा मंजूर होते. पण पाळीपत्रकात '१८ ची रात्रपाळी' म्हणजे शुक्रवारी रात्री ११ ला सुरू होणारी. ती त्याला माफ झाली. गुरुवारी, १७ ला रात्री ११ ला सुरू होणारी पाळी मात्र त्याच्याच नावावर राहिली. ती शुक्रवारी सकाळी ७ ला संपणार. पुढचा माणूस येऊन काम सोपवेपर्यंत सव्वासात, मग पणजीमार्गे डिचोली. दहाला पोचलाच तरी रात्रभर जागून उलटतपासणीला उभा राहणार. वकील तारखा, वेळा, सह्यांची जागा फिरवून फिरवून विचारतो, आणि झोप नसलेला माणूस 'आठवत नाही' म्हणत सुटतो.

त्याला हवी आहे १७ ची रजा. १८ च्या रात्री तो कामावर येऊ शकतो, कारण आदली रात्र घरी झोपून निघालेली असते. एकच रजा, पण तारीख दुसरी. अर्जात दोन्ही तारखा वारासकट आणि तासांसकट लिहिल्या की वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

४ तारखेच्या रात्रीचा निरोप असा असावा:

> सर, नमस्कार. डिचोलीच्या जेएमएफसी कोर्टात शुक्रवार, १८ सप्टेंबरला सकाळी १० वाजता साक्षीदार म्हणून हजर राहण्याचं समन्स मला आज संध्याकाळी मिळालं. फोटो सोबत जोडला आहे. त्यामुळे गुरुवार, १७ सप्टेंबरची रात्रपाळी (रात्री ११ ते शुक्रवारी सकाळी ७) मला करता येणार नाही. १८ च्या रात्रपाळीला मी येईन. लेखी अर्ज उद्या देतो.

आणि दुसऱ्या दिवशीचा अर्ज:

> प्रति, व्यवस्थापक, पॅकिंग विभाग
> प्रत: मनुष्यबळ विभाग
> दिनांक: ५ सप्टेंबर २०२६
>
> विषय: साक्षीसाठी न्यायालयात हजर राहण्याकरिता एक दिवसाची रजा
>
> महोदय,
> डिचोली येथील प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालयाने खटला क्रमांक ____ मध्ये मला साक्षीदार म्हणून शुक्रवार, १८ सप्टेंबर २०२६ रोजी सकाळी १० वाजता बोलावले आहे. समन्स मला ४ सप्टेंबर रोजी मिळाले. प्रत जोडली आहे. खटल्याचा कंपनीच्या कामाशी संबंध नाही.
>
> तरी मला गुरुवार, १७ सप्टेंबर रोजी रात्री ११ वाजता सुरू होणाऱ्या पाळीची रजा मंजूर करावी. ही रजा माझ्या शिल्लक नैमित्तिक रजेतून धरावी. त्या पाळीला माझ्या जागी काम करण्यास विभागातील सहकारी श्री. ____ तयार असून त्यांची सही खाली आहे. १८ सप्टेंबरच्या रात्रपाळीला मी हजर राहीन. काम त्या दिवशी पूर्ण न झाल्यास लगेच कळवीन.
>
> न्यायालयाचा उपस्थितीचा दाखला परतल्यावर सादर करीन.
>
> आपला विश्वासू,
> नाव, कर्मचारी क्रमांक, मोबाईल

कंपनीत इंग्रजी अर्जाची रीत असेल तर हाच मजकूर इंग्रजीत लिहा. वाक्यं याहून वाढवू नका. आपल्या प्रतीवर पोच घ्या, म्हणजे सही, तारीख आणि शक्य असेल तर शिक्का. रजा ॲपवरून मागायची पद्धत असेल तर ॲपमध्येही टाका आणि तिथंही १७ तारीखच निवडा.

दिवसपाळीवाल्यांचं सोपं आहे, पण एक चूक तेही करतात: अर्धा दिवस मागतात. समन्सवर दहाची वेळ असली तरी तुमचा पुकारा कधी होईल ते फलकावरच्या खटल्यांवर आणि वकिलांवर ठरतं. जेवणानंतर नंबर लागणं नेहमीचं आहे. पूर्ण दिवसच मागा.

कुठल्या खात्यातून

खाजगी कंपनीत 'कोर्टाची रजा' म्हणून वेगळी भरपगारी रजा असायलाच हवी, असं धरून चालू नका. बऱ्याच ठिकाणी ती नसते. मग नैमित्तिक रजा, साठलेला सी-ऑफ किंवा बिनपगारी रजा, यांतून निवड करायची. कमावलेल्या रजेसाठी काही कारखान्यांत पंधरा दिवस आधी अर्जाची अट असते, आणि समन्स तर कधी चार दिवस आधीच हातात पडतं. म्हणून नैमित्तिक शिल्लक असेल तर तीच मागा. नव्या माणसाच्या खात्यात काहीच नसेल तर अर्जात सरळ 'बिनपगारी धरावी' असं लिहा. पगार एक दिवसाचा कापला जातो, पण गैरहजेरी लागत नाही. प्रोबेशनवर असताना या फरकाला फार किंमत आहे.

साक्ष कंपनीच्याच कामाची असेल, समजा गोदामातल्या चोरीची, तर रजा मागूच नका. त्या दिवशी 'ऑन ड्यूटी' धरावं अशी विनंती करा.

साहेब नाही म्हणाले तर

समन्स ही कोर्टाची आज्ञा आहे. ती मागे घेण्याचा किंवा पुढे ढकलण्याचा अधिकार कंपनीला नाही आणि समन्स आणणाऱ्या शिपायालाही नाही. 'साहेबांनी सोडलं नाही' या कारणावर भरवसा ठेवून घरी किंवा कामावर राहू नका. सबळ कारणाशिवाय गेला नाहीत तर कोर्ट वॉरंट काढू शकतं, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम २०८ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रत्यक्षात आधी बहुधा जामीनपात्र वॉरंट निघतं. पण तेही घेऊन पोलीसच येतात, कधी थेट कंपनीच्या गेटवर.

हे साहेबांना धमकीसारखं ऐकवू नका. एचआरला प्रत ठेवून शांतपणे एक ओळ लिहा: 'सर, तारीख बदलणं माझ्या हातात नाही. गैरहजर राहिल्यास न्यायालय वॉरंट काढू शकतं. कृपया रजेबाबतचा निर्णय लेखी कळवावा.' लेखी नकार द्यायला सहसा कुणी पुढे येत नाही. तरीही उत्तर आलं नाही, तर पोच घेतलेली प्रत जपून ठेवा आणि कोर्टात जा.

खरंच जाता येत नसेल, आजारपण असेल किंवा परीक्षा असेल, तर तारखेआधी कोर्टात अर्ज द्यावा लागतो. सरकारी वकिलांना भेटून पुराव्यासह अर्ज द्या. तो मंजूर झाल्याचं कळेपर्यंत तारीख कायम आहे असंच समजा.

त्या दिवशी आणि नंतर

मूळ समन्स, आधार कार्ड आणि रजेच्या अर्जाची प्रत घेऊन साडेनऊला पोचा. शिरस्तेदाराकडे किंवा कोर्टाच्या शिपायाकडे समन्स दाखवून आल्याची नोंद करा आणि सरकारी वकिलांना भेटा. आत फोन बंद ठेवावा लागतो, म्हणून साहेबांना आधीच सांगून ठेवा की जेवणाच्या सुट्टीत कळवीन. गावाबाहेरून येत असाल तर बसची तिकिटं जपा. साक्षीदाराचा वाजवी खर्च देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं, पण तो तिथल्या तिथं मागावा लागतो.

काम संपलं की निघायची घाई करू नका. उपस्थितीचा दाखला त्याच दिवशी मागा. त्यावर तुमचं नाव, खटल्याचा क्रमांक, तारीख, किती वाजेपर्यंत होता, आणि सही-शिक्का हवा. साक्ष झाली नाही तरी दाखला मिळतो, कारण तुम्ही हजर होता. नंतर मागायला गेलात तर रोजनामा शोधा, कारकून भेटेपर्यंत थांबा, आणि त्यासाठी आणखी एक रजा घाला.

साक्षीदार हजर असताना विशेष कारण नोंदवल्याशिवाय तारीख पुढे ढकलू नये, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३४६ सांगतं. तरी न्यायाधीश रजेवर असतात, आरोपीला आणलेलं नसतं, किंवा उलटतपासणी अर्धी राहते. अशा वेळी पुढच्या तारखेला यायला कोर्टातच तोंडी सांगतात आणि सही घेतात. तीच आज्ञा, नवीन समन्स घरी येईलच असं नाही. पण एचआर दुसऱ्या वेळी पुन्हा समन्स मागणार. म्हणून दाखल्यावरच 'पुढील तारीख' लिहून द्यायची विनंती करा. नाही लिहिली तर संकेतस्थळावर ती चढली की त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा.

कोर्टाच्या आवारातूनच साहेबांना कळवा: 'सर, आजची साक्ष अर्धी झाली, पुढची तारीख अमुक. आजच्या रात्रपाळीला मी येतोय. नवीन अर्ज दाखल्यासह उद्या देतो.' नव्या अर्जात पहिल्या अर्जाची तारीख नमूद करा आणि त्या आठवड्यात तुमची पाळी कुठली आहे ते आधी पाहून मगच रजेची तारीख लिहा.